१२,०९० रुपयांचं तुटफुटीचं बिल ९९० वर कसं आलं

पंचवटीतल्या एका घरगुती केटरिंगवाल्यांचं हे प्रकरण. नवराबायको मिळून धंदा करतात. बुकिंग, आचारी आणि बाजार भाऊंकडे. गोडाऊन, भांडी आणि धुणाऱ्या बायका वहिनींकडे. मी त्यांचा हिशेब बघतो, त्यामुळे या भानगडीचे सगळे कागद माझ्याकडे आले. नावं मुद्दाम दिलेली नाहीत, पण आकडे जसे होते तसे दिले आहेत.

गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर रिसेप्शन होतं. ५०० पानं ठरली होती, ५६० उठली. बुफे होता. फुल प्लेट, स्वीट बाऊल आणि चमचे घरचे. काचेचे ग्लास जुन्या नाशकातल्या एका भाड्याने भांडी देणाऱ्याकडून आणलेले. बुकिंगच्या कागदावर शेवटी एक ओळ होती: ‘तुटफूट व गहाळ वस्तूंचे पैसे वेगळे.’ दर लिहिलेला नव्हता, आणि कोण मोजणार, कधी मोजणार, याचाही उल्लेख नव्हता. बहुतेक केटरर्सच्या कागदावर ही ओळ अशीच असते. ती वाचून भांडण टळत नाही, उलट भांडायला जागा मिळते.

रात्री साडेबाराला टेम्पो भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोडाऊनला मोजणी झाली, ती अशी:

| वस्तू | नेल्याची नोंद | धड परत | तुकडे | गहाळ |
|---|---|---|---|---|
| फुल प्लेट | ६५० | ६३१ | ४ | १५ |
| स्वीट बाऊल | ७०० | ६६८ | ११ | २१ |
| ग्लास | ४०० | ३७१ | १७ | १२ |
| चमचे | १३०० | ११३८ | – | १६२ |

भाऊंनी तुटलेलं आणि गहाळ एकत्र धरलं. प्लेट १८०, बाऊल ९०, ग्लास ६० आणि चमचा २५ रुपये, असे दुकानातले चालू भाव लावले. प्लेटचे ३४२०, बाऊलचे २८८०, ग्लासचे १७४० आणि चमच्यांचे ४०५० मिळून १२,०९० रुपये झाले. दहाच्या सुमारास बिल व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं. मुलीच्या वडिलांचा फोन दहा मिनिटांत आला. लावलेल्या दराबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांचा प्रश्न एवढाच होता, “अहो भाऊ, माझ्या पाहुण्यांनी दीडशे चमचे खिशात घालून नेले का? आणि तुम्ही साडेसहाशे प्लेटा आणल्या होत्या हे मला कोणी मोजून दाखवलं?”

दुसरा प्रश्न जास्त अडचणीचा होता, कारण त्याला उत्तरच नव्हतं. ‘नेल्याची नोंद’ ही गोडाऊनमधल्या वहीतली नोंद होती. लॉन्सवर माल उतरल्यावर कोणी मोजला नव्हता. रात्री चढवतानाही नाही. म्हणजे गोडाऊनच्या दारातून माल निघाला तेव्हापासून तो परत आत येईपर्यंतच्या सोळा तासांत जे काही झालं, ते सगळं यजमानांच्या माथी मारलं होतं. त्या सोळा तासांत टेम्पोचा प्रवास दोनदा, आपली वाढपी पोरं, धुणाऱ्या मावश्या, लॉन्सची माणसं, बँडवाले आणि पाहुणे असे सगळे येतात. पैसे मात्र एकट्याकडून मागायचे.

मग एकेक वस्तू घेऊन बसलो.

चमच्यांपासून सुरुवात केली, कारण सगळ्यात मोठा खड्डा तिथेच होता. चमचे गोडाऊनमध्ये कापडी पिशव्यांत असतात, ‘शंभरची पिशवी’ म्हणतात तिला. कार्यक्रमाला तेरा पिशव्या गेल्या, म्हणून वहीत १३०० पडले. पिशवी भरताना शंभर मोजलेले असतात का, तर मागच्या कुठल्यातरी हंगामात असतील. मधे कोणी घरच्या पूजेला वीस काढले, कोणी पाच परत टाकले. त्या दिवशी न गेलेल्या दोन पिशव्या फळीवर तशाच होत्या. आम्ही आधी त्याच घडणीचे ५० चमचे हाताने मोजून काट्यावर ठेवले. दीड किलो भरले, म्हणजे चमचा ३० ग्रॅमचा. मग त्या दोन पिशव्यांतले चमचे तोलले. एकीत २ किलो ८२० ग्रॅम, दुसरीत २ किलो ७६० ग्रॅम. म्हणजे शंभरच्या जागी ९४ आणि ९२. खात्रीसाठी हाताने मोजले, तेवढेच निघाले.

हीच तूट तेरा पिशव्यांत धरली तर नव्वदच्या आसपास चमचे गोडाऊनमधून निघालेच नव्हते. दोन पिशव्यांवरून तेरांचा अंदाज बांधणं कच्चं आहे, हे कबूल. पण एक गोष्ट त्यातून पक्की झाली, की १३०० हा आकडा मोजणीचा नव्हता, पिशव्यांच्या नावाचा होता. अशा आकड्यातून वजाबाकी करून कोणाकडे पैसे मागता येत नाहीत.

वजन करून मोजायची ही पद्धत चमच्या-काट्यांना उत्तम, पण तिची अट कडक आहे. सगळे चमचे एकाच घडणीचे हवेत. दोन वेगळ्या लॉटचे चमचे दिसायला सारखे असले तरी पत्र्याची जाडी वेगळी असते, आणि चमच्यामागे दोन-तीन ग्रॅमचा फरक पडला तरी शंभरात सात ते दहा चमचे चुकतात. शिवाय चमचे कोरडे हवेत. धुऊन निथळत असलेले तोलले तर पाण्याचंही वजन धरलं जातं.

उरलेल्या सत्तरएक चमच्यांचं काय? बिल गेल्यावर अर्ध्या तासाने भाऊंचा पोऱ्या लॉन्सवर पोचला. खरकट्याच्या पाच पिंपांपैकी तीन घंटागाडीत गेली होती, दोन शिल्लक होती. ती ताडपत्रीवर पालथी केली तर २३ चमचे निघाले. उरलेल्या तिनांत तसेच असतील असं धरलं तर पाचांत मिळून साठच्या आत-बाहेर जातात. कोडं जवळपास तिथेच सुटलं. चमचा खिशात घालणारा पाहुणा विरळा. पाहुणा प्लेट टबात ठेवतो, त्यात चमचा असतो. मग वाढपी पोरगं किंवा मावशी ती प्लेट पिंपावर झटकते, आणि भाताबरोबर, पापडाच्या तुकड्याखालून चमचा निघून जातो. आवाजही होत नाही, कारण पिंपात मऊ खरकटं असतं. म्हणजे चमचे हरवतात ते मुख्यतः आपल्याच माणसांच्या हातून, आणि हरवल्याचं त्यांनाही कळत नाही.

इथे पिंपाच्या तोंडाशी लोहचुंबक लावायची कल्पना कोणीतरी काढतंच. आम्हीही चुंबक आणून बघितलं. जुन्या लॉटचे चमचे टपकन चिकटले, नव्या लॉटचे अजिबात नाहीत. स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल असलेल्या प्रकाराला चुंबक जवळजवळ धरत नाही, निकेल नसलेल्या स्वस्त प्रकाराला धरतं. तेव्हा चांगले चमचे घ्याल तर चुंबक निकामी. त्याऐवजी पिंपावर लोखंडी जाळी ठेवली, बोट जाईल एवढ्या भोकांची. प्लेट जाळीवर झटकायची. भात-भाजी हाताने दाबली की खाली जाते, चमचा आडवा अडकतो. जाळीला वेळ लागतो आणि गर्दीच्या तासात पोरं ती बाजूला काढून ठेवतात, हा तिचा दोष. म्हणून जाळीजवळ एक माणूस नेमावाच लागतो.

प्लेट आणि बाऊलची गोष्ट वेगळी. पिंपं बघायला गेलेल्या पोऱ्याला लॉन्सच्या रखवालदाराने सहज सांगितलं, “वरच्या खोलीत तुमची भांडी पडलीत.” नवरीच्या खोलीत पलंगाखाली आणि ड्रेसिंग टेबलावर मिळून ११ प्लेटा आणि ९ बाऊल सापडले. नवरानवरीला स्टेजवरून उतरायला वेळ मिळत नाही म्हणून बहिणी ताटं वाढून वर नेतात, खातात, आणि तिथेच ठेवून खाली फोटोला जातात. टेम्पो भरणाऱ्या पोरांना ती खोली माहीतही नसते. माल चढवण्याआधी फिरून बघायच्या जागा ठरलेल्या असतात: दोन्ही पक्षांच्या खोल्या, पार्किंगमध्ये ड्रायव्हर जेवतात तो कोपरा, स्टेजमागे बँडवाले बसतात ती जागा, आणि कडेच्या झाडांच्या कुंड्या. पंधरा मिनिटांची फेरी आहे. ती झाली असती तर गहाळ प्लेटा १५ नव्हे, ४ दिसल्या असत्या आणि बाऊल २१ नव्हे, १२.

आता तुकडे. ग्लास भाड्याने देणारा तुकडे दाखवल्याशिवाय ‘फुटला’ असं मानत नाही, म्हणून सुपरवायझरने काचा एका वेगळ्या क्रेटमध्ये ठेवायला सांगितल्या होत्या. सुदैवाने घरच्या प्लेट-बाऊलचे तुकडेही त्यातच पडले. तुकडे मोजायची एक रीत आहे: फक्त बूड मोजायचं. एका बाऊलचे पाच तुकडे होतात, पण बसकं गोल बूड एकच असतं; बूडच दोन झालं असेल तर जोडून बघायचं. कडांचे तुकडे मोजत बसलात तर अकराचे सतरा होतात.

ग्लास कुठे फुटला हे त्याच्या काचेवरून बऱ्याच अंशी कळतं. १७ पैकी ६ ग्लास रॅकच्या खान्यातच फुटलेले होते. काच आतल्या आत पडलेली, स्वच्छ, कोरडी, सरबताचा डाग नाही. हे येतानाच्या प्रवासात गेलेले. आठांची फूट वेगळी होती: बुडाजवळून गोल वळण घेत गेलेली एकच तडा, आणि ग्लास जवळपास पूर्ण. थंड पाण्याचा, बर्फ असलेला ग्लास थेट गरम पाण्याच्या टबात बुडवला की असं होतं. जाड बूड आणि पातळ भिंत एकाच वेगाने तापत नाहीत, ताण पडतो आणि तिथेच काच उकलते. मावश्यांना विचारलं तर त्यांनी लगेच सांगितलं, की ग्लास कमी पडत होते, परत परत धुवायला येत होते, आणि तेलकट टबातलंच गरम पाणी वापरलं. ४०० ग्लासांत ५६० माणसं जेवली, त्याचा हा परिणाम. राहिलेले तीन मात्र जेवणाच्या जागेवर पडून फुटले, आणि ते सुपरवायझरने पाहिले होते.

बाऊलच्या ११ तुकड्यांपैकी पाच एकाच वेळी गेले. वरातीतल्या पोरांनी नाचताना आइस्क्रीमच्या काउंटरला धक्का दिला. सुपरवायझरने तेव्हाच मोबाइलवर फोटो काढला होता. फोटोत वेळ दिसते आणि मागे नाचणारेही दिसतात. सहा धुताना गेले. चार प्लेटांपैकी दोन पाहुण्यांच्या हातून पडल्या, दोन आपल्या पोराच्या हातातून चवडीसकट.

यजमानांकडे मागता येतील अशा वस्तू मग एवढ्याच राहिल्या: २ प्लेटा, ५ बाऊल, ३ ग्लास. ३६० अधिक ४५० अधिक १८०, म्हणजे ९९० रुपये. गहाळ राहिलेल्या ४ प्लेटा आणि १२ बाऊल कदाचित पाहुण्यांकडूनही गेले असतील, पण लॉन्सवर दोघांनी मिळून मोजणी केलेली नसताना ते त्यांच्या नावावर टाकता आले नसते. नवं बिल भाऊंनी कारणांसकट पाठवलं. मुलीच्या वडिलांनी संध्याकाळी पैसे पाठवले, आणि धक्का देणारा पोरगा आपलाच भाचा होता असंही लिहिलं.

ग्लासवाल्याचे १७४० मात्र भाऊंना पूर्ण भरावे लागले. गहाळ १२ आणि प्रवासात फुटलेले ६, दोन्हींवर वाद घालता आला असता, पण ‘४०० नग सुस्थितीत मिळाले’ या चलनावर आपल्याच पोराने सही केली होती. ग्लास पंचवीस खान्यांच्या सोळा रॅकमध्ये येतात. वरून नजर टाकली की रिकामा खाना लगेच दिसतो. मोजायचीही गरज नसते, फक्त झाकण काढायचं असतं. ते काढलं नव्हतं. आता ही सही लॉन्सवर, झाकणं उघडून, आणि रिकामे किंवा फुटलेले खाने चलनावरच लिहून होते.

या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग पैशांच्या आकड्यात नाही. वहिनी तुकडे मोजत असताना एक मावशी म्हणाल्या, “वहिनी, मागं पैसे कापायचे तेव्हा आम्ही तुकडे पिंपात टाकायचो. ह्या वेळी काचा ठेवा म्हणाले म्हणून ठेवल्या.” पूर्वी तुटलेल्या प्लेटमागे धुणाऱ्यांच्या मजुरीतून पैसे कापायची पद्धत होती. पुष्कळ ठिकाणी आजही आहे. त्याने फूट कमी होत नाही, फक्त तुकडे दिसेनासे होतात आणि ‘तुटलेलं’ ‘गहाळ’ होऊन बसतं. मग कुठे फुटलं, का फुटलं हे कधीच कळत नाही, आणि तेलकट गरम पाण्यात ग्लास बुडवणं वर्षानुवर्षं चालू राहतं. कायद्यानेही अशी कपात सरसकट चालत नाही: वस्तू त्या माणसाच्या ताब्यात सोपवलेली हवी, चूक त्याची हवी, आणि त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. सामाईक टबावर बसलेल्या सहा बायकांपैकी कोणाच्या हातून काय गेलं हे सांगणार कोण? वहिनींनी कपात बंद केली. तुकडा आणून दिला की नुसती वहीत रेघ.

आता त्यांच्या वहीत एका वस्तूला चार रकाने आहेत: गोडाऊनमधून निघाले, लॉन्सवर उतरले, लॉन्सवरून चढले, गोडाऊनला आले. शेजारी तुकड्यांचा पाचवा. पहिल्या दोनांतला फरक आणि शेवटच्या दोनांतला फरक टेम्पोचा, म्हणजे आपला. मधल्या दोनांतल्या फरकातून आपल्या हातून गेलेलं वजा केलं की यजमानांचा भाग उरतो. हे चार रकाने असले तरच तुटफुटीचं बिल मागता येतं, नाहीतर नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा रकाना भरणं सगळ्यात कठीण. रात्री बारा वाजता, पाठवणीच्या वेळी, यजमानांपैकी कोण प्लेटा मोजायला थांबणार? म्हणून बुकिंगच्या वेळीच त्यांच्याकडून एका माणसाचं नाव घेतलं जातं. बहुधा नवरीचा मामा किंवा मोठा चुलतभाऊ. माल उतरल्यावर तो एकदा बघतो, चढताना एकदा. त्याला सगळं मोजायला लावत नाहीत, फक्त प्लेट, बाऊल आणि ग्लास. चमचे मुळात बिलातच धरत नाहीत. मामा सापडले नाहीत तर भरलेल्या क्रेटचे फोटो आणि आकडा त्यांच्या नंबरवर रात्रीच जातो. दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या आकड्याला तेवढी किंमत नाही, कारण तोवर माल आपल्या गोडाऊनमध्ये पोचलेला असतो.

प्लेटा लवकर मोजायला त्यांनी एक लाकडी काठी केली आहे. पंचवीस प्लेटांची चवड जेवढी उंच होते तिथे खूण. चवडीला काठी लावायची, खुणेशी जुळली की पंचवीस. पण प्लेटा विसळलेल्या हव्यात. मधे खरकटं राहिलं तर तेवीस प्लेटाच पंचवीसच्या खुणेला टेकतात. दुसऱ्याच्या प्लेटा मिसळल्या तरी काठी फसते, कारण कड थोडी जाड-बारीक असते. आणि मिसळतातच. लॉन्सवर आधीच्या कार्यक्रमाच्या केटररची भांडी राहिलेली असतात, ती आपल्या क्रेटमध्ये येतात आणि आपली तूट झाकतात. म्हणून प्लेट उलटी करून खूण बघायची. आधी नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे, तो गरम पाण्यात महिन्याभरात जायचा. चमच्यांच्या दांड्यांवर मात्र भांडी बाजारातून मशिनने दोन अक्षरं कोरून आणली आहेत, घरच्या ताटावर नाव घालतो तशीच. ती जात नाहीत.

बुकिंगच्या कागदावर आता प्लेट, बाऊल आणि ग्लासचा दर छापलेला आहे, आणि शंभर पानांमागे एक प्लेट व दोन बाऊल फुटले तर ते पानाच्या दरात धरलेले आहेत. त्यापुढचं आणि फक्त मधल्या रकान्यातलं वेगळं. दर दुकानातल्या भावापेक्षा चढा लावू नका, असं मी त्यांना सांगितलं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. वाद झालाच तर त्याच्या आत जेवढी वाजवी तेवढीच मिळते. १८० च्या प्लेटला ४०० लिहून ठेवण्यात काही अर्थ नाही.

पुढच्या एका रिसेप्शनला, दिंडोरी रोडला, ४५० पानांसाठी हजार चमचे तोलून नेले. जाळीवर ३१ सापडले, शेवटी १९ कमी आले. १९ ही छोटी तूट नाही, पण ती खरी तूट आहे.

मोठ्या तिथीच्या दिवशी मात्र ही पद्धत ताणली जाते. दुपारचं लग्न पंचवटीत आणि रात्रीचं रिसेप्शन गंगापूर रोडला असेल तर टेम्पो गोडाऊनला येतच नाही, एका लॉन्सवरून थेट दुसऱ्यावर जातो. पहिल्याचा चौथा रकाना आणि दुसऱ्याचा पहिला, दोन्ही रिकामे. अशा दिवशी पहिल्या ठिकाणी चढताना झालेली मोजणी हीच दुसऱ्याची सुरुवात धरतात, आणि दुसऱ्या ठिकाणी उतरताना न चुकता पुन्हा मोजतात. तरीही मधे पोरं जेवायला थांबतात, टेम्पो तासभर रस्त्यावर उभा असतो. तेवढ्या वेळातली तूट कोणाकडेच मागता येत नाही, म्हणून त्या दिवशीच्या दोन्ही बुकिंगमध्ये भाऊ पानाचा दरच दोन रुपयांनी जास्त धरतात.